अर्धी कापलेली पट्टी

रविवार, १७ नोव्हेंबर. सकाळी नळाला पाणी उशिरा आलं. चादरी धुतल्या. अकराच्या सुमारास थोरल्या जाऊबाईंचा फोन आला की भाऊजी न्हाणीघराच्या दारात पडले, उठवत नाही. शेजारच्या शिंप्याने आणि त्याच्या मुलाने खुर्चीत बसवून खाली आणलं. मी आणि वन्सं रिक्षाने थेट इस्पितळात गेलो. डाव्या खुब्याचं हाड मोडलं आहे. डॉक्टर म्हणतात, हाड नंतर बघू, आधी नाडी फार मंद आहे ती बघतो. वन्सं काही खात नाहीत. चादरी रात्री आत घेतल्या, ओल्याच होत्या.

माझ्या रोजनिशीत त्या दिवसाचं एवढंच लिहिलेलं आहे. बाकी सगळं मला तसंही आठवतं, पण ते सांगायचं तर आधी वन्सं कोण होत्या ते सांगायला हवं.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का, हे कुणी विचारलं की म्हणायच्या, "मला सकाळी कुणाचा डबा भरायचा नव्हता." छापखान्यामागच्या गल्लीत एका ट्रस्टचा धर्मादाय दवाखाना होता, तिथल्या औषधांच्या खिडकीत त्यांनी उभी हयात काढली. खिडकी लहान, कमरेएवढ्या उंचीवर, त्यामुळे औषध घेणारा वाकून आत बघायचा आणि वन्सं आतून मान तिरकी करून त्याच्याकडे बघायच्या. त्यांची मान कायमची किंचित एका बाजूला झुकलेली राहिली ती त्यामुळेच, असं आमचं सगळ्यांचं मत होतं. गल्लीतले लोक त्यांना गोळीताई म्हणत. भाऊजी, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, त्यांना कंपाउंडर म्हणत, आणि तेही चिडवायला.

दवाखान्यात येणाऱ्यांपैकी निम्म्यांना रक्तदाब. ट्रस्टला औषधं जिथून स्वस्त मिळतील तिथून येत, म्हणून दर महिन्याला कंपनी वेगळी, पट्टीचा रंग वेगळा. म्हातारी माणसं गोंधळत. मागच्या खेपेला गुलाबी दिली होती, आता पांढरी का? पांढरी तर माझ्या नवऱ्याची असते. एक बाई दोन महिने हिरव्या आणि निळ्या अशा दोन पट्ट्यांमधून एकेक गोळी घेत होती, आणि दोन्ही एकच औषध होतं. घोटे सुजून पाय चपलेत मावेना तेव्हा ती खिडकीशी आली.

तेव्हापासून वन्संनी आपली शाळा काढली. खिडकीत पट्टी उलटी धरायची, चंदेरी बाजू वर, आणि कंपनीच्या मोठ्या नावाखालचं बारीक नाव बोटाने दाखवायचं. "हे मोठं नाव दुकानाच्या पाटीसारखं आहे, ते सोडून द्या. बारीक नाव वाचा, आणि वाचता येत नसेल तर त्याचं शेपूट बघा." जिचं शेपूट लोल, ती हृदयाचे ठोके हळू करणारी, बीटा ब्लॉकर: ॲटेनोलोल, मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल. "घोड्याला लगाम," असं त्या सांगत. जिचं शेपूट डिपीन, ॲम्लोडिपीन, निफेडिपीन, ती कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर. रक्तवाहिन्या सैल करते, वाट रुंद करते, आणि पाय सुजले तर आधी हिच्याकडे बघायचं. आणि तिसरी पाण्याची गोळी, लघवी वाढवणारी. तिच्यापाशी आल्या की त्या हसायच्या. "ह्यांना एक आडनाव नाही. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, टोर्सेमाइड. लग्न होऊन चार घरी गेलेल्या बहिणी. ह्यांना शेपटावरून नाही, एकेकीला तोंडाने ओळखायचं. आणि सकाळी घ्यायची, नाहीतर रात्रभर उठबस."

आणखी एक नियम होता, आणि तो त्या सगळ्यात कडकपणे सांगत. पट्टी कापायची नाही. गोळी नावापासून लांबच्या टोकाकडून काढायची, म्हणजे नाव आणि तारीख शेवटच्या गोळीपर्यंत हातात राहते. कुणी कापलेला तुकडा घेऊन आलं की त्या तो हातातच घेत नसत. "हे बिनमुंडक्याचं आहे. ह्याचं नाव मी कसं सांगू? मूळची पट्टी आणा."

निवृत्त झाल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या. यजमान जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता, घर मोठं होतं आणि आम्ही दोघी एकमेकींना पुरेशा खडूस होतो, त्यामुळे जमलं. दर रविवारी त्या भाऊजींकडे जात. भाऊजी रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, पहिल्या मजल्यावर राहणारे, गप्पिष्ट. त्यांच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा भरणं हे निमित्त. वन्सं टेबलाशी बसून पट्ट्या मांडत, भाऊजी समोर बसून खोड्या काढत. "कंपाउंडर, आज फी किती?" "तुझी जीभ बंद ठेवलीस तर फुकट." मग चहा, मग दोघं गॅलरीत बसून खालच्या बेकरीत कोण काय नेतंय ते बघत. लहानपणी दोघांना एकाच अंथरुणावर झोपावं लागलं होतं, आणि म्हातारपणी तीच जवळीक त्या गॅलरीत परत आली होती. मी कधीमधी बरोबर जायची तेव्हा मला तिथे खुर्ची मिळायची, पण त्या गप्पांत जागा मिळायची नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्या साली दिवाणखान्यात बसल्याबसल्या भाऊजींच्या छातीत धडधड सुरू झाली आणि त्यांना चार-पाच दिवस इस्पितळात ठेवलं. सोडताना औषधं बदलली. कागदावर तीन नावं होती: मेटोप्रोलोल, ॲम्लोडिपीन, क्लोरथॅलिडोन. लगाम, रुंद वाट आणि पाण्याची गोळी. रक्तदाबाची जुनी गोळी बंद करा, असं नर्सने जाऊबाईंना तोंडी सांगितलं.

त्या रविवारी मीही तिथे होते. वन्सं टेबलाशी बसल्या. जाऊबाईंनी औषधांचा पत्र्याचा डबा पुढे ठेवला. तो डबा म्हणजे शिलाईच्या सुयांचा जुना, अरुंद, लांबट डबा. त्यात अख्खी पट्टी मावत नाही म्हणून जाऊबाई दुकानातून आणलेल्या पट्ट्या मधोमध उभ्या कापून ठेवत: वरच्या ओळीतल्या गोळ्या एका तुकड्यात, खालच्या ओळीतल्या दुसऱ्यात. वन्संनी त्यावरून त्यांना कितीदा ओरडलं असेल. जाऊबाईंचं उत्तर ठरलेलं, की डबा माझा, कात्री माझी, नवरा माझा.

डब्यात जुन्या गोळीचे दोन अर्धे तुकडे उरले होते, दोन्ही खालच्या ओळीचे. ती गोळी आधीच्या डॉक्टरांनी थोड्याच दिवसांपूर्वी बदलून दिली होती आणि मधल्या रविवारी वन्सं तापाने घरी होत्या, त्यामुळे तिची अख्खी पट्टी त्यांनी पाहिली नव्हती. वन्संनी चष्मा कपाळावर सरकवला, तुकडा डोळ्यांजवळ नेला, आणि चंदेरी बाजूवरचं बारीक नाव वाचलं: ॲम्लोडिपीन. पाच मिलिग्रॅम. मग कागदाकडे बघितलं. कागदावरही ॲम्लोडिपीन, पाच.

"ही तर ह्यांची जुनी गोळी ना?" जाऊबाई म्हणाल्या. "ती बंद करायला सांगितलंय."

"नाव तेच आहे, वहिनी. कंपनी बदलली असेल. तुम्ही रंग बघता, मी नाव बघते." मग नवी ॲम्लोडिपीनची पट्टी त्यांनी बाजूला ठेवली. "घरात आहे ते आधी संपवू. उगाच फेकायचं कशाला."

जाऊबाई चहा टाकायला उठल्या. गोळ्यांच्या बाबतीत वन्संपुढे बोलायची कुणाचीच प्राज्ञा नव्हती. मीही बघत होते, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बिनमुंडक्याचा तुकडा हातात घ्यायचा नाही, हा त्यांचाच नियम. पण तो परक्यांच्या तुकड्यांसाठी होता. भावाच्या घरचा तुकडा त्यांनी विश्वासाने उचलला.

पुढच्या रविवारी भाऊजी थकलेले दिसले. जिना चढतानाच नाही, खुर्चीतून उठतानाही पाय जड वाटतात म्हणाले. हात गार. गॅलरीत बसले, पण बेकरीकडे बघून काही बोलले नाहीत. वन्संनी लगेच पाण्याच्या गोळीवर संशय घेतला. नवीन सुरू झाली आहे, शरीरातलं मीठ-पाणी उतरलं असेल, उठताना गरगरणारच. सोमवारी डॉक्टरांना फोन कर, रक्तातलं सोडियम बघायला सांग. हा सल्ला चुकीचा नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी भाऊजींची नाडी बघितली नाही. खिडकीतून दिसणाऱ्या अनोळखी माणसाचा हात त्या सहज धरून घड्याळ बघायच्या. भावाचा हात धरायचं त्यांना सुचलं नाही. आणि सोमवारी फोन करायचं भाऊजींनी टाळलं, कारण त्यांना वाटलं कंपाउंडर म्हणते तर दोन-चार दिवसांत बरं वाटेल.

मग तो १७ नोव्हेंबर.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती, केस घट्ट बांधलेली, झोप न झालेल्या डोळ्यांची. तिने घरातली सगळी औषधं आणायला सांगितलं. शिंप्याच्या मुलाने पत्र्याचा डबा आणून दिला. ती एकेक पट्टी उलटीसुलटी करत होती, अगदी वन्संसारखीच, बारीक नाव बघत. अर्ध्या तुकड्यापाशी थांबली. त्यात दोनच गोळ्या उरल्या होत्या. मग तिने भाऊजींची जुनी फाइल उघडली आणि आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी काढली.

"ही अजून चालू होती?"

"ती ॲम्लोडिपीन आहे," वन्सं म्हणाल्या. "तुमच्याच कागदावर आहे."

"हिच्यात दोन औषधं आहेत, आजी. जोडगोळी आहे ही. ॲटेनोलोल आणि ॲम्लोडिपीन एकत्र. पहिलं नाव वरच्या ओळीवर छापलेलं असणार, ते कापलं गेलंय." तिने तुकड्याच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे छपाईचा अगदी बारीक काळा भाग राहिला होता, एखाद्या अक्षराचा तळ. "आणि आम्ही मेटोप्रोलोल दिलं. म्हणजे एकाच जातीची दोन. म्हणून ठोके इतके खाली गेले."

डॉक्टरणीने कुणाला दोष दिला नाही. हे बऱ्याचदा होतं, ती म्हणाली, आणि पुढच्या कॉटकडे गेली. वन्सं त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दोन लोल." जाऊबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना बोलायला जागा होती. मी सांगितलं होतं ती जुनी गोळी म्हणून, एवढं म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. नंतर घरी मला एवढंच म्हणाल्या, "कात्री तर माझीच होती ना."

दोन्ही गोळ्या थांबवल्यावर दोन दिवसांत नाडी वर आली. मग खुब्याचं ऑपरेशन झालं. भाऊजी वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरायला लागले, पण जिना उतरणं त्यांना परत जमलं नाही. पहिला मजला हेच त्यांचं जग झालं. तेवढ्यावरही ते खूश होते. नवीन औषधांचा डबा भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी फोन करून सांगितलं, रविवारी कंपाउंडरला पाठव.

वन्सं गेल्या नाहीत. पाय दुखतात म्हणाल्या. पुढच्या रविवारी सर्दी झाली. मी एकटी गेले तेव्हा भाऊजींनी सात कप्प्यांचा डबा आणि अख्ख्या पट्ट्या पिशवीत घालून माझ्या हाती दिल्या. कागदही वर ठेवला. तिला म्हणावं भरून दे, मी वाट बघतोय. मी पिशवी वन्संच्या पलंगावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तशीच माझ्या देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली होती, गाठही न सोडलेली. "कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला द्या. तो शिकलेला आहे."

"तुम्हीही शिकलेल्या आहात, वन्सं."

"मी शेपूट शिकवायची. डोकं बघायचं विसरले."

औषधवाल्याने डबा भरून दिला. जाऊबाईंनीही अरुंद डबा टाकून बिस्किटांचा चौकोनी डबा घेतला, अख्खी पट्टी मावणारा. सगळं सुरळीत चाललं होतं आणि मला वाटलं, हळूहळू निवळेल. खूप मागे लागल्यावर एका रविवारी वन्सं माझ्याबरोबर निघाल्या. जिन्यात दोनदा थांबल्या. दार भाऊजींनीच उघडलं, वॉकर पुढे करून. टेबलावर औषधवाल्याने भरलेला डबा होता. भाऊजींना वातावरण हलकं करायचं होतं, आणि ते त्यांना आयुष्यभर एकाच पद्धतीने येत होतं. "ये कंपाउंडर," ते म्हणाले, "तुझी नोकरी गेली बरं का. नवीन माणूस ठेवलाय, तोही फुकट."

त्यांना अपेक्षा होती की ती म्हणेल, तुझी जीभ बंद ठेव. वन्संनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाल्या. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला, आणि गॅलरीत न जाता निघाल्या. भाऊजी दारात उभे होते. जिना उतरताना मी वर बघितलं तेव्हाही ते उभेच होते. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं होतं की थट्टा चुकीच्या जागी पडली, पण वॉकर घेऊन जिना उतरता येत नाही.

त्यानंतर ते फोन करत. वन्सं फोनवर बोलत, तब्येत विचारत, हवा विचारत. गोळ्यांचं नाव काढलं की फोन माझ्या हातात देत. मी त्यांना एकदा सरळ म्हणाले, "तुमच्या भावाला गोळ्या नकोत, तुम्ही हव्या आहात." त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण तिथे गेले की माझी नजर त्या डब्यावर जाते. मी दादाकडे बघूच शकत नाही."

पुढच्या हिवाळ्यात भाऊजींना न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत गेले. त्याचा गोळ्यांशी काही संबंध नव्हता. त्याच डॉक्टरणीने वन्संना बाजूला घेऊन तसं स्पष्ट सांगितलं. मला वाटतं ते सांगायला नको होतं असं काही नाही, पण त्याने काही उपयोगही झाला नाही. वन्संना सलत होतं ते हे नव्हतंच. घरी आल्यावर त्या माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "एका वर्षात किती रविवार येतात?" मी चहाचं आधण ठेवलं. उत्तर त्यांनाही नको होतं.

वन्सं आणखी दोन वर्षं राहिल्या. गल्लीतली माणसं अजून कधी पट्टी घेऊन दाराशी येत, गोळीताई, हे जरा बघा. त्या नम्रपणे नाही म्हणत. एकदा एक म्हातारा जिद्दीला पेटला, पट्टी त्यांच्या हातात कोंबू लागला. त्यांनी हात मागे घेतले, साडीच्या पदरात गुंडाळले, आणि तो जाईपर्यंत तसेच ठेवले. ते बघवलं नाही. तेवढी तल्लख बाई, आणि एका तुकड्यापायी सगळं मिटून टाकलं. चूक झाली होती, त्यातून एक चांगली गोष्ट शिकवता आली असती. जोडगोळीची दोन्ही नावं बघा, हे त्या दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगू शकल्या असत्या आणि लोकांनी ऐकलं असतं. पण खिडकी त्यांनी स्वतःच बंद केली होती आणि ती बाहेरून उघडत नाही.

त्यांच्या शेवटच्या वर्षी मलाही रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. मी पट्ट्या आणून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या आणि मुद्दाम काही बोलले नाही. वन्सं समोर भाजी निवडत होत्या.

"अख्ख्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

"अख्ख्या आहेत."

"वाचा."

मी चष्मा लावून वाचलं. एकीवर ॲम्लोडिपीन, फक्त ॲम्लोडिपीन. दुसरीवर दोन नावं. मी पहिलं वाचून थांबले. त्या म्हणाल्या, "पुढचं. सगळं वाचा, ओळ संपेपर्यंत." मी वाचलं: टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन.

"म्हणजे दुसरीत पाण्याची गोळी आहे. सकाळी घ्या." भाजीची देठं त्यांनी एका बाजूला केली. "लोल नाही दोन्हींत. ठीक आहे."

पट्ट्यांना त्यांनी हात लावला नाही. मात्र ओले हात पदराला पुसून माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवत राहिल्या. त्यांची बोटं गार होती. पूर्ण मिनिट संपेपर्यंत त्यांनी सोडलं नाही, आणि संपल्यावरही लगेच सोडलं नाही. बहात्तर, त्या म्हणाल्या, चांगली आहे. मग म्हणाल्या, "दादाची बघायला हवी होती." एवढं बोलून त्यांनी भाजीची परात परत पुढे ओढली.

त्या संध्याकाळी मी लिहिलं: औषधांच्या कपाटातली कात्री काढून शिवणाच्या डब्यात ठेवली. गवारीच्या शेंगा निबर निघाल्या, निम्म्या टाकाव्या लागल्या.